चोवीस महिन्यांचा हिशेब: बंद कारखान्यातल्या थकीत पगाराचं एक प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीचं आहे. कारखान्याचं, माणसांचं आणि बँकेचं नाव दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि रकमा ढोबळ केल्या आहेत. युनियनच्या बाजूने दाव्यांचे कागद मी तयार करत होतो, त्यामुळे पुढे सांगितलेल्या काही चुका माझ्याही आहेत.

कंपनी बुडाली की कामगारांचे पैसे आधी द्यावे लागतात, असं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. कोणत्या काळातले पैसे आधी, आणि तो काळ कोणत्या तारखेपासून मोजायचा, यावर सगळं अवलंबून असतं. हे प्रकरण लिहून ठेवण्याचं कारण तेच.

पार्श्वभूमी

कारखान्यात वाहनांच्या सुट्या भागांचं कास्टिंग व्हायचं. कायम कामगार ११०, शिवाय कार्यालयात आणि देखरेखीवर १४ जण. कंत्राटदाराकडची चाळीसेक माणसं वेगळी. कायम कामगाराचा सरासरी पगार महिना २०,००० रुपये, म्हणजे कामगारांच्या पगारावर महिन्याला २२ लाख खर्च होत.

डिसेंबर २०१७ पर्यंत पगार उशिरा का होईना, पण होत होता. जानेवारी २०१८ पासून तो थांबला. मोठ्या ग्राहकाचं बिल अडकलंय, पुढच्या महिन्यात सगळं एकदम देतो, असं मालक सांगत राहिले. कामगारांनी विश्वास ठेवला आणि नऊ महिने, सप्टेंबरअखेरपर्यंत, बिनपगारी काम केलं. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. पण पंधरा-वीस वर्षं ज्या भट्टीवर काढली, ती आपण थांबवली तर ऑर्डर जाईल आणि मग काहीच उरणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

१ ऑक्टोबर २०१८ ला पहिल्या पाळीची माणसं गेली तेव्हा गेटला कुलूप होतं आणि ‘देखभालीसाठी तात्पुरते बंद’ अशी नोटीस लावलेली होती. कारखाना बंद करण्यासाठी शासनाची परवानगी घेतलेली नव्हती, तसा अर्जही केलेला नव्हता. त्या दिवशी ही गोष्ट कुणाला फारशी महत्त्वाची वाटली नाही. अडीच वर्षांनी सगळा निकाल तिच्यावरच फिरला.

अडचण

कामगारांचं येणं तीन प्रकारचं होतं. पहिलं, नऊ महिन्यांचा केलेल्या कामाचा पगार, एकूण १ कोटी ९८ लाख. दुसरं, भविष्य निर्वाह निधी. जुलै २०१७ पासून कंपनीने तो भरलाच नव्हता. पहिले सहा महिने पगारातून कपात झाली होती, पण पैसे निधीत पोहोचले नव्हते. तिसरं, ग्रॅच्युइटी.

समोर एक मोठा धनको होता, बँक. जमिनीचे भाडेपट्ट्याचे हक्क, शेड, भट्ट्या, यंत्रं, सगळं तिच्याकडे तारण होतं. तिचं येणं व्याजासह पंचवीस कोटींच्या घरात होतं आणि सगळी मालमत्ता विकूनही त्याच्या निम्मे पैसे उभे राहतील असं दिसत नव्हतं. त्याशिवाय कच्चा माल देणारे, वीज, कर, असे इतर.

कामगारांना वाटत होतं, आपण घाम गाळलाय म्हणजे आपण पहिले. बँकेला वाटत होतं, तारण आपलं आहे म्हणजे आपण पहिले. कायद्यात दोघं एकाच पायरीवर उभे आहेत, पण कामगारांच्या बाबतीत मुदतीची अट घालून.

रांगेत कामगार नेमके कुठे

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ मधल्या कलम ५३ मध्ये ही रांग दिलेली आहे. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी भागवायची असं ठरलं, की आलेल्या पैशांतून आधी या प्रक्रियेचा स्वतःचा खर्च पूर्ण भागवला जातो. त्यानंतरच्या पायरीवर दोघं बरोबरीने येतात: अवसायन सुरू झालेल्या तारखेच्या आधीच्या २४ महिन्यांचं कामगारांचं देणं, आणि आपलं तारण सोडून देऊन सामायिक वाटपात सामील झालेला धनको. पैसे अपुरे असतील तर दोघांना आपापल्या रकमेच्या प्रमाणात मिळतात. तिसऱ्या पायरीवर कामगार नसलेले कर्मचारी, म्हणजे व्यवस्थापक, हिशेबनीस वगैरे, आणि तेही फक्त १२ महिन्यांसाठी. विनातारण वित्तीय कर्जं त्यांच्याही नंतर, सरकारी कर त्याखाली. २४ महिन्यांपेक्षा जुना पगार जवळजवळ तळाला ‘उरलेली देणी’ या गटात जातो आणि तिथपर्यंत पैसा क्वचितच पोहोचतो.

भविष्य निर्वाह निधी, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातली कामगारांची रक्कम मात्र या रांगेत येतच नाही. कलम ३६(४) प्रमाणे ती कंपनीची मालमत्ता धरली जात नाही. ती आधी बाजूला काढायची आणि मग उरलेल्याचं वाटप करायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये मोझर बेअर कंपनीच्या प्रकरणात राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने हे स्पष्ट केलं होतं आणि आम्हाला त्याचा थेट उपयोग झाला.

यातले ‘आधीचे २४ महिने’ हे शब्द नीट वाचायला हवेत. ते पगार थकल्यापासून मोजायचे नाहीत, कारखाना बंद झाल्यापासूनही नाहीत. न्यायाधिकरण अवसायनाचा आदेश ज्या दिवशी देतं, त्या दिवसापासून मागे मोजायचे. म्हणजे आदेशाला जितका उशीर, तितका जुना पगार चौकटीबाहेर सरकतो. काम करून कमावलेला पैसा महिन्यामागून महिना निसटत असतो आणि त्याची कुणी नोटीसही काढत नाही.

पहिला निर्णय: वसुलीचा दाखला की दिवाळखोरीचा अर्ज

ऑक्टोबर २०१८ मध्ये युनियनसमोर दोन वाटा होत्या.

एक वाट ओळखीची होती. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३-क खाली कामगार आयुक्तांकडे अर्ज करायचा, वसुलीचा दाखला मिळवायचा आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करून घ्यायची. खर्च कमी, आणि युनियनने आधी दोन-तीनदा हे केलेलं.

दुसरी वाट म्हणजे कामगारांनीच राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे, कंपनीविरुद्ध नादारीचा अर्ज करायचा. पगाराचं येणं असलेला कामगार संहितेत ‘परिचालन धनको’ ठरतो. तेव्हा एक लाख रुपयांची थकबाकी असली तरी अर्ज करता येत होता आणि इथे एकेका कामगाराचे १ लाख ८० हजार थकले होते. युनियनला सर्वांच्या वतीने एकत्र अर्ज करता येतो की नाही यावर तेव्हा वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी जे. के. जूट मिलच्या प्रकरणात ‘येतो’ असं सांगितलं. पण एकेका कामगाराला तो मार्ग आधीपासून मोकळा होता.

बैठकीत मी दुसरी वाट मांडली. युनियनचे सचिव म्हणाले, “साहेब, कंपनी बुडवायचा अर्ज आपण कसा करायचा? उद्या गेट उघडलं तर मालक म्हणेल, तुम्हीच बुडवली.” समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या मनात तेच होतं. मी फार ताणलं नाही. नादारीचा अर्ज म्हणजे लगेच अवसायन नसतं, आधी कंपनी वाचवण्याचा प्रयत्न होतो, हे मला तेव्हा नीट समजावून सांगता आलं नाही.

पहिली वाट घेतली. दाखला जून २०१९ मध्ये मिळाला. तोवर बँकेने तारण मालमत्तेचा ताबा घेतला होता आणि महसुली यंत्रणेला जप्त करण्यासारखं मोकळं काही उरलं नव्हतं. दोन महिन्यांत दुसऱ्या एका धनकोच्या अर्जावर एनसीएलटीने कंपनीची नादारी प्रक्रिया सुरू केली. तारीख होती २६ ऑगस्ट २०१९. त्या दिवसापासून स्थगिती लागू झाली, म्हणजे कंपनीविरुद्धचे सगळे दावे आणि वसुल्या थांबल्या. आमचा दाखला फाइलमध्ये राहिला.

तो अगदीच वाया गेला नाही. रक्कम सरकारी अधिकाऱ्याने तपासून ठरवलेली असल्यामुळे पुढे दावा सिद्ध करताना त्याचा आधार मिळाला. पण त्यासाठी गेलेले महिने परत मिळणारे नव्हते.

दुसरा निर्णय: मुदतवाढीला पाठिंबा

नादारी प्रक्रियेत एक रिझोल्यूशन प्रोफेशनल कारभार हाती घेतो आणि कंपनी विकत घेऊन चालवायला कुणी तयार आहे का ते पाहतो. निर्णय धनकोंच्या समितीत होतात. त्या समितीत मत बँकेसारख्या वित्तीय धनकोंना असतं, कामगारांना नसतं. आम्ही सर्वांच्या वतीने एकच दावा दाखल केला. या टप्प्यावर प्रतिनिधीने भरायचा नमुना ‘फॉर्म ई’ असतो. सोबत पगाराच्या स्लिपा, पासबुकाच्या नकला आणि वसुलीचा दाखला जोडला.

प्रक्रियेला १८० दिवस असतात. ते २२ फेब्रुवारी २०२० ला संपत होते. जानेवारीत एक खरेदीदार पुढे आला. भट्ट्या पुन्हा सुरू करून सत्तर कामगार घेऊ, असं त्याचं तोंडी म्हणणं होतं, पण त्याला अभ्यासाला वेळ हवा होता. ९० दिवसांची मुदतवाढ मागायची ठरली आणि रिझोल्यूशन प्रोफेशनलने युनियनला सांगितलं की कामगारांचं पाठिंब्याचं पत्र जोडलं तर अर्जाला वजन येईल.

ते पत्र मी लिहिलं. एका संध्याकाळी, अर्ध्या तासात. सत्तर घरांत पुन्हा पगार येणार या एका गोष्टीकडे आमचं सगळं लक्ष होतं. मुदतवाढीनंतरही विक्री झाली नाही तर आदेशाची तारीख पुढे जाईल आणि २०१८ सालातले महिने एकेक करून बाहेर पडतील, हा हिशेब मी त्या दिवशी केला नाही. तो केला असता तरी कदाचित पत्र दिलंच असतं, कारण नोकरी आणि थकबाकी यांत नोकरीचं पारडं जड होतं. पण कामगारांना दोन्ही बाजू कळायला हव्या होत्या आणि निर्णय त्यांचा असायला हवा होता.

मार्चमध्ये कोविडची टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये खरेदीदाराने माघार घेतली. मे महिन्यात समितीने अवसायनाचा ठराव केला आणि १ जुलै २०२० रोजी एनसीएलटीचा आदेश झाला.

त्या रात्री कॅलेंडर घेऊन मागे मोजलं. २४ महिने म्हणजे १ जुलै २०१८ पासून. बिनपगारी काम झालं होतं जानेवारी ते सप्टेंबर २०१८. त्यातले जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर तेवढे चौकटीत. जानेवारी ते जून, सहा महिन्यांचे १ कोटी ३२ लाख, तळाच्या गटात गेले होते. आदेश मार्चच्या मध्यात झाला असता तर साडेसहा महिने आत राहिले असते.

तिसरा निर्णय: बंद काळाचा पगार मागायचा का

चौकटीत तीन महिने कामाचे आणि एकवीस महिने कुलपाचे, अशी स्थिती होती. ज्या महिन्यांत काम केलं ते बाहेर आणि ज्या महिन्यांत गेटबाहेर बसलो ते आत, हे कामगारांना समजावून सांगणं मला फार जड गेलं.

पण त्यातच एक वाट होती. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५-ओ सांगत होतं की शंभर किंवा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करायला आधी शासनाची परवानगी लागते. परवानगीसाठी अर्जच केला नसेल तर बंद बेकायदेशीर ठरतो आणि कारखाना बंद झालाच नाही असं समजून कामगारांना सगळे लाभ मिळतात. आमच्या गेटवरची ‘तात्पुरते बंद’ ही नोटीस एका कामगाराने १ ऑक्टोबरलाच मोबाइलवर टिपून ठेवली होती. माहितीच्या अधिकारात अर्ज करून आम्ही शासनाकडून लेखी उत्तर घेतलं, की या कारखान्याचा परवानगीसाठी अर्ज आलेला नाही.

युनियनमध्ये याला विरोधही होता. न केलेल्या कामाचा पगार मागितला तर केलेल्या कामाचा दावाही संशयात येईल, असं काही ज्येष्ठ कामगारांना वाटत होतं. ती भीती अवाजवी नव्हती. म्हणून दावा तीन तक्त्यांत वेगवेगळा मांडला: चौकटीतले कामाचे तीन महिने, चौकटीतले बंदचे एकवीस महिने, आणि चौकटीबाहेरचे सहा महिने. एक तक्ता नाकारला गेला तरी दुसऱ्याला धक्का लागू नये, इतकाच हेतू.

दावा पुन्हा भरावा लागला. आधी भरलेला दावा नादारी प्रक्रियेतला होता. अवसायनात नव्याने, आदेशापासून ३० दिवसांत, दावा द्यायचा होता. नमुन्यांची नावंही फसवी आहेत. नादारी प्रक्रियेत प्रतिनिधीचा नमुना ‘ई’, पण अवसायनात ‘ई’ एकट्या कामगाराचा आणि प्रतिनिधीचा ‘एफ’. टाळेबंदीत निम्मे कामगार गावी गेले होते. प्रतिनिधीमार्फत एकच दावा करण्याची सोय नसती तर कित्येकांची नावं राहूनच गेली असती.

याच वेळी सुपरवायझरांचा प्रश्न आला. आम्ही ११० म्हणतो त्यांतले तिघं कागदोपत्री ‘सुपरवायझर’ होते. ते ‘कर्मचारी’ धरले गेले असते तर तिसऱ्या पायरीवर गेले असते. कामगार कोण हे हुद्द्यावरून ठरत नाही, मुख्य काम कोणतं यावरून ठरतं. तिघं रोज साचे भरायचे, ओतकामाला उभे राहायचे, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार त्यांना नव्हता. पाळीचे जुने तक्ते आणि उत्पादनाच्या वहीतल्या त्यांच्या नोंदी जोडल्या. अवसायनाचा कारभार पाहणाऱ्या लिक्विडेटरने ते मान्य केलं.

बंदच्या एकवीस महिन्यांचा तक्ता त्यांनी पूर्ण नाकारला. अशा निर्णयाविरुद्ध कलम ४२ खाली एनसीएलटीकडे जायला फक्त १४ दिवस असतात. आम्ही बाराव्या दिवशी अपील दाखल केलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्णय आला: परवानगीशिवाय बंद केल्यामुळे ऑक्टोबर २०१८ पासून नादारी प्रक्रिया सुरू होईपर्यंतचा, म्हणजे ढोबळमानाने अकरा महिन्यांचा पगार मान्य करावा. पुढचे दहा महिने फेटाळले.

बँकेचा निर्णय

या सगळ्यात बँकेपुढेही पर्याय होता. तारण सामायिक वाटपात सोडायचं, की ते स्वतः बाहेर विकून आपले पैसे घ्यायचे? बँक बाहेर पडली तर आपलं काय, ही कामगारांची मोठी धास्ती होती. मात्र २०२० च्या सुरुवातीला अवसायनाच्या विनियमांत आलेल्या २१-अ या तरतुदीने ती बरीच कमी केली होती. तारण स्वतः विकणाऱ्या धनकोलाही प्रक्रियेच्या खर्चातला आणि कामगारांच्या २४ महिन्यांच्या देण्यातला आपला वाटा लिक्विडेटरकडे भरावा लागतो, जणू त्याने तारण सोडलंच आहे. बाहेर पडून कामगारांना वगळता येत नाही म्हटल्यावर बँकेने तारण सोडलं.

निकाल

दोन लिलाव रिकामे गेले. अखेर सगळ्या मालमत्तेचे मिळून १० कोटी ८ लाख आले. वाटप २०२२ च्या सुरुवातीला झालं. ते असं:

भविष्य निर्वाह निधीचे पंधरा महिन्यांचे ४८ लाख आधी बाजूला काढले गेले आणि पूर्ण भरले गेले. सगळ्या येण्यांपैकी रुपयाला रुपया मिळालेली ही एकच रक्कम. उरलेल्या ९ कोटी ६० लाखांतून प्रक्रियेचा खर्च १ कोटी २० लाख गेला. वाटायला राहिले ८ कोटी ४० लाख.

दुसऱ्या पायरीवर कामगारांचं मान्य देणं चौदा महिन्यांचं, ३ कोटी ८ लाख, आणि बँकेचं २४ कोटी ९२ लाख. बेरीज २८ कोटी. म्हणजे रुपयामागे ३० पैसे. कामगारांच्या वाट्याला ९२ लाख ४० हजार आले. प्रत्येकाच्या खात्यात सरासरी ८४,००० रुपये.

पैसे तिथेच संपले. तिसऱ्या पायरीवरच्या चौदा कर्मचाऱ्यांना काही मिळालं नाही. तळाच्या गटातल्या सहा महिन्यांच्या १ कोटी ३२ लाखांपैकी एक पैसाही नाही.

ग्रॅच्युइटीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र विषय आहे. कंपनीने विमा कंपनीकडे गट योजना घेतली होती, पण तीत पुरेसे पैसे भरले नव्हते. जेवढा फंड होता तेवढा कामगारांना बाहेरच्या बाहेर मिळाला, तूट मात्र राहिली. फंडात पैसेच नसतील तर लिक्विडेटरने ते उभे करावेत का, यावर अपिलीय न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२० मध्ये कामगारांच्या विरोधात निर्णय दिला होता आणि आमची मागणी त्यावर अडली. पुढे जेट एअरवेजच्या प्रकरणात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी असा निर्णय झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. पण ते प्रकरण खरेदीदाराच्या योजनेचं होतं, अवसायनाचं नव्हतं. आमचं वाटप तर त्याआधीच उरकलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

आकडे परत मांडून पाहिले की कोणता निर्णय किती किमतीचा होता ते दिसतं, आणि ते माझ्या आधीच्या समजुतीपेक्षा वेगळं निघालं.

मुदतवाढ झाली नसती आणि आदेश मार्च २०२० च्या मध्यात आला असता, तर साडेतीन महिने जास्त चौकटीत बसले असते. कामगारांचं मान्य देणं ३ कोटी ८५ लाख झालं असतं, रुपयामागे २९ पैशांहून थोडं जास्त मिळालं असतं आणि प्रत्येकाला साधारण १ लाख २ हजार आले असते. म्हणजे माझ्या त्या पत्राची किंमत माणशी सुमारे अठरा हजार रुपये. सत्तर जणांच्या नोकरीच्या आशेसमोर कुणी ती मोजायला तयारही झालं असतं. फक्त ती आधी सांगायला हवी होती.

बंद काळाचा दावा केलाच नसता तर? मग फक्त तीन महिन्यांचे ६६ लाख चौकटीत राहिले असते आणि प्रत्येकाच्या हाती वीस हजारांपेक्षाही कमी पडले असते. मोबाइलवरचा एक फोटो, माहितीच्या अधिकारातलं एक उत्तर आणि चौदा दिवसांच्या आत केलेलं अपील, यांनी ती रक्कम चौपटीहून जास्त केली. नाकारलेल्या दहा महिन्यांसाठी आम्ही वर अपील केलं नाही, थकलो होतो. एप्रिल २०२२ मध्ये एबीजी शिपयार्डच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नादारी प्रक्रियेच्या काळात कंपनी चालू होती आणि प्रत्यक्ष काम केलं असं दाखवता आलं तरच त्या काळाचा पगार प्रक्रियेच्या खर्चात, म्हणजे पहिल्या पायरीवर धरायचा. ज्यांनी काम केलं नाही त्यांचं देणं मात्र कलम ५३ च्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीखाली पाहायचं. हा निर्णय आमच्या हाताशी असता तर त्या दहा महिन्यांसाठी जास्त जोर लावला असता.

सगळ्यात महाग पडला तो पहिला निर्णय. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१८ मध्ये कामगारांनी मागणीची नोटीस देऊन दहा दिवसांनी अर्ज केला असता आणि प्रक्रिया २०१९ च्या पूर्वार्धात सुरू झाली असती, तर २०१९ अखेरच्या आदेशातही कामाचे नऊच्या नऊ महिने चौकटीत आले असते. आज अशी वाट शोधणाऱ्यांनी एक बदल लक्षात घ्यावा: २४ मार्च २०२० पासून किमान थकबाकीची मर्यादा एक कोटी झाली आहे. एकट्या कामगाराला आता ते शक्य नाही. युनियनमार्फत सर्वांचं येणं एकत्र केलं तर आमच्यासारख्या कारखान्यात ती ओलांडता येते, पण तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात बहुधा नाही. काही देशांत मालक बुडाला तर ठरावीक महिन्यांचा पगार देणारा हमी निधी असतो. आपल्याकडे पगारासाठी असा निधी नाही. त्यामुळे लहान कारखान्यातल्या कामगारांना दुसऱ्या कुणा धनकोच्या अर्जाची वाट पाहत बसावं लागतं आणि तोवर चोवीस महिने सरकत राहतात. मला ही तरतूद अन्यायाची वाटते. निदान मोजणी नादारी प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेपासून मागे व्हायला हवी, कारण त्यानंतरच्या उशिरावर कामगारांचा काहीच ताबा नसतो.

कागदांच्या बाबतीत दोन गोष्टी आधी करता आल्या असत्या. हजेरीपट आणि पगारपत्रकं कार्यालयात अडकली आणि आम्ही स्लिपा गोळा करत सहा आठवडे घालवले. पगार पहिल्यांदा थकला तेव्हाच त्यांच्या नकला मागता आल्या असत्या. आणि निधीचं पासबुक ऑनलाइन कुणीही पाहू शकतं. जुलै २०१७ पासून त्यात नोंद नव्हती, म्हणजे पगार थांबण्याच्या सहा महिने आधी. कापलेले पैसे भरले जात नाहीत हा कंपनीकडे रोकड संपल्याचा पहिला पुरावा होता आणि तो ११० जणांच्या मोबाइलमध्ये होता. आम्ही तो १५ महिन्यांनी उघडून पाहिला.

कंत्राटी चाळीस जणांचा दावा कुणीच केला नाही. कंत्राटदाराने पगार बुडवला तर कायद्याने मूळ मालकावर जबाबदारी येते, हे मला माहीत होतं. त्यांची यादी मागायला मी कंत्राटदाराला दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही, आणि ३० दिवसांची मुदत संपली. आपल्या बाजूच्या ११० जणांचे कागद पुरे करण्याच्या गडबडीत मी तिसरा फोन केला नाही.